पेऑफ मॅट्रिक्सचे उत्तर तपासताना

गेम थिअरीत दोन खेळाडूंचा खेळ मांडण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे पेऑफ मॅट्रिक्स. पहिल्या खेळाडूचे पर्याय आडव्या ओळींत आणि दुसऱ्याचे उभ्या स्तंभांत लिहितात. प्रत्येक घरात दोन आकडे असतात: आधी पहिल्याची मिळकत, मग दुसऱ्याची. ज्या घरातून एकट्याने पर्याय बदलून कोणाचाही फायदा होत नाही, त्या घराला नॅश समतोल म्हणतात. जॉन नॅश यांनी 1950 मध्ये ही कल्पना मांडली. हा समतोल शोधण्याची रीत छोटीशी आहे, पण उत्तरे चुकतात ती बहुधा दोनच जागी. एक तर सर्वोत्तम प्रतिसादाची खूण भलत्याच घरात पडते, नाहीतर एखादे स्थिर घर नजरेतून सुटते. दुसरी चूक पकडणे अधिक अवघड असते, कारण सुटलेले घर कागदावर कुठेच दिसत नाही आणि लिहिलेले उत्तर बरोबरच असते, फक्त अपुरे.

एक उदाहरण घेऊ. एकाच बाजारपेठेत दोन दुकाने आहेत, अ आणि ब. दोघांनाही एकाच वेळी, दुसऱ्याचा निर्णय ठाऊक नसताना, दर ठरवायचा आहे: स्वस्त, मध्यम किंवा महाग. आठवड्याचा नफा हजार रुपयांत दिला आहे. ओळी अ-च्या, स्तंभ ब-चे.

| | ब: स्वस्त | ब: मध्यम | ब: महाग |
|---|---|---|---|
| अ: स्वस्त | 3, 4 | 4, 4 | 5, 2 |
| अ: मध्यम | 3, 3 | 6, 5 | 7, 2 |
| अ: महाग | 1, 4 | 5, 6 | 7, 6 |

अ-चा सर्वोत्तम प्रतिसाद काढायचा तर आधी ब-चा पर्याय पक्का धरावा लागतो, म्हणजे एक स्तंभ निवडून त्यात वरून खाली फक्त पहिले आकडे बघायचे. ब-साठी याच्या उलट: एक ओळ पक्की धरायची आणि तिच्यात डावीकडून उजवीकडे फक्त दुसरे आकडे बघायचे. आपल्याला दुसऱ्याचा पर्याय बदलता येत नाही, आपला तेवढा बदलता येतो, म्हणून दिशा अशी ठरते. ज्या घरात दोघांचेही आकडे अधोरेखित होतात, ते समतोल.

अशा प्रश्नाचे एक नेहमी दिसणारे उत्तर असे असते. ब स्वस्त असेल तर अ-ने मध्यम घ्यावे, ब मध्यम असेल तरी मध्यम, ब महाग असेल तरी मध्यम. ब-चीही हीच तऱ्हा. म्हणून एकच समतोल: दोघेही मध्यम, नफा 6 आणि 5. हे वाचायला इतके नीटस वाटते की तपासणाराही पुढे सरकतो. त्यातले प्रतिसादांबद्दलचे एकही विधान खोटे नाही. मध्यम हा खरोखरच तिन्ही स्तंभांत सर्वोत्तम प्रतिसाद आहे. चूक आहे ती प्रत्येक स्तंभात एकच खूण करून थांबण्यात. पहिल्या स्तंभात अ-ला स्वस्तमध्येही 3 मिळतात आणि मध्यममध्येही 3. तिसऱ्या स्तंभात मध्यम आणि महाग दोन्हींत 7. बरोबरी झाली की दोन्ही पर्याय सर्वोत्तम प्रतिसाद ठरतात आणि दोन्हींना खूण पडायला हवी. ब-कडेही तसेच आहे: पहिल्या ओळीत स्वस्त आणि मध्यम दोन्हींत 4, तर तिसऱ्या ओळीत मध्यम आणि महाग दोन्हींत 6.

या राहिलेल्या खुणा केल्या की आणखी दोन घरांत दोन्ही आकडे अधोरेखित होतात: स्वस्त–स्वस्त, जिथे नफा 3 आणि 4 आहे, आणि महाग–महाग, जिथे तो 7 आणि 6 आहे. स्वस्त–स्वस्त हे घर दोघांसाठीही वाईट आहे, पण समतोलाची कसोटी घर चांगले आहे का, ही नाही. एकट्याने हलून काही वाढते का, एवढेच ती विचारते. तिथून अ मध्यमकडे गेला तर 3 चे 3 राहतात, महागकडे गेला तर 1 होतो. ब हलला तर 4 चे 4 किंवा 2. कोणाचाच फायदा नाही, तेव्हा घर स्थिर. व्याख्येत ‘तोटा व्हायला हवा’ असे कुठेही म्हटलेले नाही, ‘फायदा होऊ नये’ एवढेच म्हटले आहे. ही रेघ पुसट झाली की बरोबरीची घरे हटकून गळतात.

हीच घरे गळण्याचा आणखी एक रस्ता आहे आणि तो जरा शिकलेल्यांचा आहे. ‘मध्यम’ची ओळ अ-साठी कुठेच कमी पडत नाही आणि कुठे कुठे सरस ठरते. त्यामुळे बाकीच्या दोन ओळी आणि त्याचप्रमाणे ब-चे दोन स्तंभ खोडून टाकायचा मोह होतो. मग मधले एकच घर उरते. एखादा पर्याय दुसऱ्यापेक्षा प्रत्येक स्तंभात नक्की कमी असेल तर तो खोडायला हरकत नाही. तशा खोडाखोडीत एकही समतोल हरवत नाही. पण तो कुठेतरी बरोबरीत असेल, तर खोडल्यावर खरे समतोल जाऊ शकतात. इथे तीनपैकी दोन गेले. उत्तरात कोष्टक लहान करण्याची पायरी असेल, तर प्रत्येक खोडलेल्या ओळीशेजारी एकच प्रश्न विचारावा: सगळ्या आकड्यांत कमी, की काहींत समान?

आता दिशेची चूक. समजा, कोणी अ-साठी स्तंभात खाली न बघता ओळीत आडवे बघितले. पहिल्या ओळीत सर्वांत मोठा 5, दुसरीत 7, तिसरीत 7. तिन्ही खुणा शेवटच्या स्तंभात पडल्या आणि पहिले दोन स्तंभ कोरे राहिले. ब-साठी स्तंभात बघितले तर खुणा 4, 4, 6 आणि 6 वर पडतात आणि मधली ओळ कोरी राहते. यावरून एक चटकन होणारी तपासणी मिळते, जिला आकडे वाचावेही लागत नाहीत. प्रत्येक स्तंभात अ-ची निदान एक खूण हवी आणि प्रत्येक ओळीत ब-ची निदान एक. ब काहीही करो, अ-ला त्यावर काहीतरी सर्वोत्तम असतेच. त्यामुळे कोरा स्तंभ किंवा कोरी ओळ दिसली की चूक नक्की. उलट बाजूने मात्र भरवसा नाही: सगळीकडे एकेक खूण असूनही बरोबरी सुटलेली असू शकते, जशी वरच्या उत्तरात सुटली होती.

या चुकीच्या दिशेने मिळणारे उत्तर तर फारच फसवे आहे. दोन्ही खुणा एकत्र येतात त्या महाग–महाग या घरात, आणि ते घर खरेच समतोल आहे. दोन्ही आकड्यांची बेरीजही तिथेच सर्वांत मोठी, 13. म्हणजे आडवे वाचणारा, ‘दोघांचे मिळून जास्त कुठे’ असे बघणारा आणि योग्य रीतीने सोडवणारा, तिघेही त्या घरापर्यंत पोचतात. म्हणून शेवटचे उत्तर जुळले यावर तपासणी संपवता येत नाही, खुणा बघाव्याच लागतात.

सर्वांत पक्की तपासणी नऊही घरांवरून फिरण्याची आहे. समतोल म्हणून लिहिलेल्या घरासाठी चार तुलना लागतात: अ-चे दोन बदल, ब-चे दोन. उरलेल्या प्रत्येक घरासाठी एकच पुरावा पुरतो, कोणाला कुठे जाऊन किती वाढते. अ: स्वस्त आणि ब: मध्यम या घरातून अ मध्यमकडे जाऊन 4 चे 6 करतो. अ: स्वस्त, ब: महाग इथून तो 5 चे 7 करतो. अ: मध्यम, ब: स्वस्त इथे ब मध्यमकडे जातो, 3 चे 5. अ: मध्यम, ब: महाग इथेही ब मध्यमकडेच, 2 चे 5. अ: महाग, ब: स्वस्त या घरात अ-चा 1 आहे आणि तो 3 करू शकतो. अ: महाग, ब: मध्यम इथे अ-चे 5 चे 6 होतात. सहाही घरांना पळवाट सापडली, तिन्ही समतोलांना नाही. विद्यार्थ्याने सुटलेले घर याच फेरीत उघडे पडते, कारण त्या घरासाठी पुरावा लिहायला गेल्यावर तो मिळत नाही.

एवढ्याने शुद्ध पर्यायांचा हिशेब संपतो, मिश्र डावपेचांचा नाही. मिश्र म्हणजे खेळाडू ठरावीक शक्यतांनी पर्यायांमध्ये आलटून-पालटून निवड करतो. नॅश यांनी सिद्ध केले की मर्यादित खेळाडू आणि मर्यादित पर्याय असलेल्या प्रत्येक खेळात, मिश्र डावपेच धरले तर, निदान एक समतोल असतो. म्हणून ‘दोन्ही खुणांचे घर नाही, सबब समतोल नाही’ हे उत्तर नेहमीच चूक असते. रॉबर्ट विल्सन यांनी 1971 मध्ये दाखवले की जवळपास सर्व अशा खेळांत समतोलांची संख्या विषम असते. तेव्हा दोनच समतोल लिहिलेले दिसले, तर तिसरा शोधावा.

दुसरा छोटा खेळ असा: अ आणि ब या विक्रेत्यांना जत्रा किंवा आठवडी बाजार यांतली एक जागा निवडायची आहे आणि दोघे एकाच जागी असतील तरच गिऱ्हाईक फिरकते. दोघे जत्रेत तर 3 आणि 1, दोघे बाजारात तर 1 आणि 2, वेगवेगळे गेले तर 0 आणि 0. दोन शुद्ध समतोल उघड आहेत. तिसरा मिश्र. अ-ने जत्रा p शक्यतेने घेतली तर ब-ला जत्रेत p आणि बाजारात 2(1−p) मिळतात; ते समान व्हायला p = 2/3 लागतो. ब-ची शक्यता q धरली तर अ-ला 3q आणि 1−q मिळतात; ते समान होतात q = 1/4 असताना. इथली नेहमीची चूक म्हणजे अदलाबदल: अ-ची शक्यता अ-च्याच आकड्यांवरून काढणे. ती पकडायला उत्तर परत घालून बघावे. ब-ची शक्यता 2/3 धरली तर अ-ला जत्रेत 2 आणि बाजारात 1/3 मिळतात. मग अ मिश्र खेळेलच कशाला? 1/4 धरली तर दोन्हीकडे 3/4 येतात. पर्याय तीन असतील आणि मिश्रणात दोनच वापरले असतील, तर तिसरा पर्याय त्या समान आकड्यापेक्षा जास्त देत नाही, हेही बघावे लागते.

विषम संख्येचा नियम इशारा देतो, पुरावा नव्हे. एका घरात 1, 1 आणि बाकी तिन्ही घरांत 0, 0 असलेल्या दोन बाय दोनच्या कोष्टकात बरोबर दोनच समतोल आहेत: 1, 1 चे घर आणि त्याच्या तिरक्या कोपऱ्यातले 0, 0 चे घर. बरोबऱ्या असल्या की नियम मोडू शकतो आणि कधीकधी समतोल अगणितही होतात. वरच्या दरांच्या कोष्टकातही बरोबऱ्या आहेत, म्हणून तिथे तीन ही विषम संख्या आली यावर विसंबून चालत नाही. तिथे मिश्र समतोल का नाही, हे वेगळे दाखवावे लागते. ब-ने मध्यमला थोडी जरी शक्यता दिली, किंवा स्वस्त आणि महाग यांचे मिश्रण केले, तर अ-साठी मध्यम एकटाच सर्वोत्तम ठरतो आणि मग ब-लाही मध्यमच घ्यावे लागते. ब पूर्णपणे स्वस्त किंवा पूर्णपणे महाग असेल तेव्हाच अ-ला मिश्रणाची मोकळीक आहे, पण त्या मिश्रणात मध्यम येतोच आणि तो आला की ब त्या जागी राहत नाही.

कोष्टक मोठे झाले की हाताने फिरणे जड जाते आणि Gambit सारखी मुक्त संगणक प्रणाली वापरतात. तिच्यातली `gambit-enumpure` ही आज्ञा शुद्ध समतोल सगळे देते, पण मिश्र एकही देत नाही. लेम्के आणि हाउसन यांची 1964 ची पद्धत एका वाटेने चालत जाऊन एक समतोल गाठते आणि तिथे थांबते, त्यामुळे तिच्याकडून आलेले एकच उत्तर हा तो समतोल एकमेव असल्याचा पुरावा धरता येत नाही.