चार घोडे, आठ घरे, एक फेरी

नऊ घरांचा छोटा पट. वरच्या दोन कोपऱ्यांत दोन काळे घोडे, खालच्या दोन कोपऱ्यांत दोन पांढरे. घोडा नेहमीप्रमाणे अडीच घरे चालतो, एका घरात एकच घोडा मावतो आणि कोणी कोणाला मारायचे नाही. काळ्यांनी खालचे कोपरे घ्यायचे, पांढऱ्यांनी वरचे, आणि तेही कमीत कमी चालींत. इटलीतल्या फोर्ली गावच्या पाओलो ग्वारिनी याच्या १५१२ सालच्या हस्तलिखितात हे कोडे आहे, म्हणून ते ‘ग्वारिनीचे कोडे’ म्हणून ओळखले जाते. प्रत्यक्षात ते बरेच जुने आहे. इ.स. ८४० च्या सुमारास अल-अदली या नामांकित अरबी बुद्धिबळपटूने ते नोंदवले होते.

पटावर सोंगट्या मांडून कोडे सोडवू पाहणारा माणूस पाच-सहा चालींतच गोंधळतो. चार घोडे एकमेकांत गुंततात आणि कोण कुठून आला हेही आठवत नाही. दोष कोड्याचा नाही, चित्राचा आहे. चौरस पटावर शेजारची घरे डोळ्यांना जवळची वाटतात, पण घोड्याच्या दृष्टीने ती जवळची नसतातच. तेव्हा पटाचे चित्र घोड्याच्या सोयीने नव्याने काढायचे.

घरांना असे क्रमांक द्यावेत:

१ २ ३
४ ५ ६
७ ८ ९

आता प्रत्येक घरासाठी कागदावर एक ठिपका काढायचा आणि एका चालीत घोडा जिथून जिथे जाऊ शकतो ते दोन ठिपके रेषेने जोडायचे. ठिपके आणि रेषांच्या अशा चित्राला गणितात आलेख म्हणतात. ठिपका कागदावर कुठे काढला याला त्यात महत्त्व नसते, कोण कोणाला जोडलेला आहे एवढेच पाहायचे. १ वरून घोडा ६ वर किंवा ८ वर जातो, तिसरी वाट नाही. ६ वरून १ वर किंवा ७ वर. ७ वरून २ वर किंवा ६ वर. अशा प्रत्येक घराला दोनच वाटा निघतात. अपवाद मधल्या ५ चा. तिथे घोडा पोहोचतच नाही, तिथून निघतही नाही, म्हणून ते घर सरळ बाजूला ठेवायचे.

१ पासून रेषा धरून निघाले तर क्रम लागतो तो असा: १, ६, ७, २, ९, ४, ३, ८ आणि पुन्हा १. आठही घरे एकाच वर्तुळावर येतात. इंग्रज कोडेकार हेन्री ड्यूडनी याला गुंड्या आणि दोऱ्याची पद्धत म्हणत असे: घरे म्हणजे गुंड्या, चाली म्हणजे त्यांना जोडणारा दोरा, आणि गुंता सोडवून दोरा टेबलावर नीट पसरला की सगळे समोर दिसते.

या वर्तुळावर घोडे ठेवून पाहावेत. १ वर काळा, ७ वर पांढरा, ९ वर पांढरा, ३ वर काळा, आणि प्रत्येक दोघांच्या मध्ये एक घर रिकामे. चौघांनीही एकाच दिशेने एकेक घर सरकायचे: १ वरचा ६ वर, ७ वरचा २ वर, ९ वरचा ४ वर, ३ वरचा ८ वर. पुढचे घर प्रत्येकालाच मोकळे असल्याने आधी कोण सरकला याने फरक पडत नाही. काळा-पांढरा अशी पाळीपाळीने चाल करायची अट घातली तरी ती सहज पाळता येते. अशा चार फेऱ्या झाल्या की सगळे अर्धे वर्तुळ फिरतात. १ वरचा काळा ९ वर, ३ वरचा काळा ७ वर, आणि पांढरे १ व ३ वर. एकूण सोळा चाली.

पंधरा चालींत जमेल का? वर्तुळावर घोड्यांना एकमेकांना ओलांडता येत नाही, त्यामुळे त्यांचा क्रम कधीच बदलत नाही. १ वरचा काळा घोडा जवळच्या ७ वर जाऊन थांबला, तर त्याच्या पुढचा पांढरा ९ वर असणार. पण ९ वर तर काळा हवा. म्हणून त्याला ९ वरच जावे लागते आणि ते घर दोन्ही बाजूंनी चार पावलांवर आहे. इतर तिघांचेही तसेच. चार चोक सोळा, त्याहून कमी नाही.

न बदलणारा हा क्रम जे होऊ शकत नाही तेही दाखवून देतो. काळे दोन्ही वर, पांढरे दोन्ही खाली, या मांडणीतून काळे एका कर्णावर (१ आणि ९) आणि पांढरे दुसऱ्या कर्णावर आणायचे म्हटले तर ते अशक्य आहे. सुरुवातीला वर्तुळावर दोन काळे लागोपाठ आहेत, शेवटी मात्र काळा, पांढरा, काळा, पांढरा असा क्रम हवा. हजार चाली केल्या तरी तो साधणार नाही. उलट सुरुवातच कर्णावरच्या मांडणीने केली, तर रंगांची अदलाबदल आठ चालींतच होते, कारण प्रत्येकाने दोन पावले सरकले की पुरते.

पट थोडा मोठा केला की गंमत वाढते. तीन घरे रुंद आणि चार घरे उंच पटावर वर १, २, ३ मध्ये काळे, खाली १०, ११, १२ मध्ये पांढरे. आलेख काढला तर दोन षटकोन मिळतात. एक १, ८, ३, ४, ११, ६ यांचा, दुसरा १०, ५, १२, ७, २, ९ यांचा. त्यांना जोडणारे पूल दोनच, ४–९ आणि ६–७. अंतरे मोजली तर काळ्यांना किमान सात चाली लागतात आणि पांढऱ्यांनाही सात, म्हणजे चौदा. पण प्रत्येकाने जवळचीच वाट धरली, तर एक तर दोन घोडे ३–४–९–१० या एकाच वाटेवर समोरासमोर येतात, नाहीतर सहाही जण एकमेकांची वाट पाहत अडकून पडतात. कोणीतरी एक पाऊल मागे घ्यावेच लागते.

३ वरचा काळा ४ वरून ९ वर जातो. मग ११ चा पांढरा ४ वरून ३ वर, १ चा काळा ६ वरून ११ वर, १२ चा पांढरा ७ व ६ वरून १ वर आणि २ चा काळा ७ वरून १२ वर. आता १० वरच्या पांढऱ्यासमोर, ९ वर, काळा उभा आहे. तो ४ वर परततो, पांढरा ९ वरून २ वर जातो आणि काळा पुन्हा ९ वरून १० वर. मागे जाण्याची एक आणि पुन्हा पुढे येण्याची एक, अशा दोन चाली वाढल्या आणि बेरीज सोळा झाली. मधली पंधरा शक्य नाही. दर चालीला घोड्याच्या घराचा रंग बदलतो, आणि या मांडणीत त्यामुळे काळ्यांच्या चालींची संख्या विषमच येते, पांढऱ्यांचीही विषमच. दोन विषम संख्यांची बेरीज सम.