हायड्रोजन क्लोराईडचा बंध किती टक्के आयनिक? हिशोब असा करतात

शाळेच्या पुस्तकात बंधांचे दोन खण असतात. मीठ म्हणजे आयनिक बंध, हायड्रोजन क्लोराईड म्हणजे सहसंयुज बंध. प्रत्यक्षात बहुतेक बंध या दोन टोकांच्या मधे कुठेतरी असतात. मग एखादा बंध आयनिक टोकाकडे किती झुकलाय हे कसं सांगायचं? दोनच अणूंचा रेणू असेल तर दोन मोजमापं आणि एक भागाकार पुरतो.

हायड्रोजन क्लोराईडच्या रेणूत क्लोरीन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. त्यामुळे क्लोरीनची बाजू थोडी ऋण आणि हायड्रोजनची थोडी धन होते. प्रभाराची ही विभागणी किती आहे ते डायपोल मोमेंट, म्हणजेच द्विध्रुव आघूर्ण, सांगतं. प्रभार गुणिले दोन प्रभारांमधलं अंतर, इतकी साधी त्याची व्याख्या. ते डिबाय या एककात मोजतात. हे नाव १९३६ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेल्या पीटर डिबाय यांच्यावरून आलंय. वायुरूप हायड्रोजन क्लोराईडसाठी हा आकडा सुमारे १.११ डिबाय येतो.

आता एक कल्पना करा. क्लोरीनने हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन पूर्णच पळवला असता तर? मग एका टोकाला एक पूर्ण धन प्रभार आणि दुसऱ्या टोकाला एक पूर्ण ऋण प्रभार असता. दोघांमधलं अंतर म्हणजे बंधाची लांबी, १.२७५ अँगस्ट्रॉम. एका इलेक्ट्रॉनचा प्रभार एक अँगस्ट्रॉम दूर नेला की ४.८० डिबाय होतात. हा एक आकडा लक्षात ठेवला की दहाच्या उणे घातांकांशी झटापट करावी लागत नाही.

१.२७५ × ४.८० = ६.१२ डिबाय
१.११ ÷ ६.१२ = ०.१८

म्हणजे बंध सुमारे १८ टक्के आयनिक. दुसऱ्या शब्दांत, इलेक्ट्रॉनच्या प्रभाराचा साधारण १८ टक्के भागच क्लोरीनकडे सरकला आहे. हाच हिशोब हायड्रोजन फ्लोराईडसाठी (१.८३ डिबाय, ०.९१७ अँगस्ट्रॉम) केला तर उत्तर ४२ टक्क्यांच्या आसपास येतं. फ्लोरीनची ओढ जास्त, त्यामुळे हे अपेक्षितच आहे.

मिठाचं उत्तर मात्र अनेकांना चकवतं. सोडियम क्लोराईडच्या एकेकट्या, वायुरूप रेणूचं डायपोल मोमेंट ९.०० डिबाय आहे आणि बंधाची लांबी २.३६ अँगस्ट्रॉम. भागाकार केला की ७९ टक्के! आयनिक बंधाचं पाठ्यपुस्तकी उदाहरण आणि शंभर टक्के नाही? यात गोम अशी की, हा हिशोब आयनांना दोन बिंदू मानतो. खरा क्लोराईड आयन इलेक्ट्रॉनांचा फुगीर ढग असतो आणि शेजारचा सोडियम आयन तो ढग आपल्याकडे खेचतो. त्यामुळे इलेक्ट्रॉन जवळजवळ पूर्ण दिलेला असूनही मोजलेलं डायपोल मोमेंट कमी भरतं. म्हणून ७९ टक्के याचा अर्थ "२१ टक्के इलेक्ट्रॉन वाटून घेतलेत" असा शब्दशः लावू नये.

याच उदाहरणात आणखी एक चूक हमखास होते. बंधाची लांबी शोधताना मिठाच्या स्फटिकातलं अंतर, २.८२ अँगस्ट्रॉम, हाती लागतं आणि तेच वापरलं जातं. मग उत्तर ६६ टक्के येतं, आणि आकडा विश्वासार्ह वाटत असल्यामुळे शंकाही येत नाही. डायपोल मोमेंट ज्या वायुरूप रेणूचं, लांबीही त्याचीच हवी.

पण या पद्धतीची खरी फजिती कार्बन मोनॉक्साईड करतो. ऑक्सिजन कार्बनपेक्षा बराच जास्त विद्युतऋण आहे, म्हणजे बंधात प्रभाराची चांगली विभागणी दिसायला हवी. विद्युतऋणतेतल्या फरकावर चालणाऱ्या पॉलिंगच्या सूत्रानेही सुमारे १८ टक्के येतात. मोजलेलं डायपोल मोमेंट मात्र जेमतेम ०.११ डिबाय. लांबी १.१२८ अँगस्ट्रॉम, म्हणजे उत्तर २ टक्के. त्याहून गंमत म्हणजे त्याची दिशा उलटी आहे, ऋण टोक कार्बनकडे! कारण कार्बनवर इलेक्ट्रॉनांची एक न वाटलेली जोडी बंधाच्या विरुद्ध बाजूला बाहेर डोकावते. तिचा परिणाम बंधातल्या प्रभाराच्या ओढीला जवळजवळ पुसून टाकतो. मोजमाप अख्ख्या रेणूचं होतं, एकट्या बंधाचं नाही. आणि टक्केवारीत दिशा दिसतच नाही, त्यामुळे नुसता २ हा आकडा पाहणाऱ्याला आत चाललेली ही रस्सीखेच कळतही नाही.