जुना गेमिंग पीसी: पैसे देण्याआधीचा एक तास

समजा, ओएलएक्सवर जाहिरात दिसली: रायझन ५ ३६००, आरटीएक्स ३०६० बारा जीबी, १६ जीबी रॅम, ५०० जीबीची एसएसडी, ४२ हजार रुपये. विकणारा पुण्यातलाच, पण अनोळखी. मशीन बघण्याआधीच 'टोकन' म्हणून दोन हजार मागत असेल, तर विषय तिथेच संपवावा. नसेल, तर फोनवर त्याला एवढंच सांगायचं, "मी येईपर्यंत मशीन चालू करू नका."

त्याच्या घरी पोचलात की आधी कॅबिनेटला, कार्डाच्या बाजूला, हात लावून पाहा. कोमट लागलं तर मशीन तापवून ठेवलेलं आहे. काही दोष फक्त थंड मशीनवर दिसतात: पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो आणि दोन-तीनदा बंद-चालू केल्यावर चित्र येतं. तसं असेल तर अर्धा तास बंद ठेवायला सांगा, चहा घ्या.

किमतीचा मोठा वाटा ग्राफिक्स कार्डाचा असतो, म्हणून सर्वाधिक वेळही त्यालाच द्यावा. तपासणीची सॉफ्टवेअर स्वतःच्या पेनड्राइव्हवर न्यावीत. समोरच्याच्या मशीनवर आधीपासून असलेल्या आकड्यांवर विसंबू नये. आधी जीपीयू-झेड उघडा. जुन्या, स्वस्त कार्डावर नव्या कार्डाचं नाव चढवून विकण्याची युक्ती बरीच जुनी आहे. अशी अनेक कार्डं हे सॉफ्टवेअर ओळखतं आणि नावाच्या पुढे `[FAKE]` दाखवतं. आपल्या कार्डावर ३५८४ शेडर, १२ जीबी मेमरी आणि १९२ बिट दिसायला हवेत. ८ जीबी आणि १२८ बिट दिसले, तर ती ३०६० चीच हळू आवृत्ती आहे आणि भाव उतरवायला हवा.

मग फरमार्क पंधरा मिनिटं चालवा. रंगीत ठिपके, चमकत्या रेघा, अचानक रीस्टार्ट यांपैकी काहीही दिसलं तर कार्ड घेऊ नये. रीस्टार्टमागे कधी अशक्त एसएमपीएसही असतो. पण दोष नक्की कुणाचा हे शोधणं विकणाऱ्याचं काम, आपलं नव्हे. सोबत एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवून दोन तापमानं बघा: जीपीयूचं आणि हॉटस्पॉटचं. दोघांत दहा-पंधरा अंशांचा फरक चालतो. पंचवीसच्या वर गेला, तर बहुधा थर्मल पेस्ट वाळली आहे. कार्ड त्याने बाद होत नाही, मात्र उघडून साफ करण्याचा खर्च भावातून वजा करता येतो.

फरमार्क कार्डाच्या मेमरीची नीट परीक्षा घेत नाही. त्यासाठी ओसीसीटीतली व्हीरॅम चाचणी लावा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद पडलं आणि त्यातली पुष्कळ कार्डं जुन्या बाजारात आली. मायनिंगमुळे प्रत्येक कार्ड खराब होतंच असं नाही, पण मेमरीवर ताण पडलेला असतो. या चाचणीत एकही चूक निघाली तर सौदा मोडावा.

बाकीच्या भागांचं काम लवकर उरकतं. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडीची तब्येत टक्क्यांत आणि चालू राहिलेले तास दिसतात. चार वर्षं वापरलेल्या मशीनवर दोनशे तास दिसले तर डिस्क नुकतीच बदललेली असणार. का, ते विचारावं. रॅमचा वेग २१३३ दिसला तर घाबरू नका, बायोसमधली एक्सएमपीची सेटिंग बंद असेल एवढंच.

आता विंडोजचं लायसन्स. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून हे टाइप करा:

```
slmgr /dli
```

उत्तरात `VOLUME_KMSCLIENT` आलं, तर ते कंपन्या-संस्थांसाठीचं लायसन्स आहे आणि दर १८० दिवसांत नव्याने मान्य करून घ्यावं लागतं. घरगुती मशीनवर ते दिसलं की बहुतेक वेळा क्रॅक वापरलेला असतो. `OEM` असेल तर लायसन्स मदरबोर्डला बांधलेलं आहे, मशीनसोबत येईल. `RETAIL` सगळ्यांत बरं, पण तेवढ्याने खात्री होत नाही. काही क्रॅकही तिथे हाच शब्द उमटवतात. म्हणून की खरेदीचं बिल मागा. बिल नसेल तर विंडोजची किंमत शून्य धरा. त्याच्या स्टीम खात्यातले गेमही किमतीत मोजू नका. स्टीमच्या नियमांनुसार ते खातं दुसऱ्याला विकता येत नाही.

शेवटी कार्डावरचा सीरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा. वॉरंटी त्यावरच ठरते आणि माल चोरीचा नाही याचा तोच एक हाताशी असलेला पुरावा. सगळं जुळलं तर बिलावर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात यूपीआयने पैसे द्या, कागदावर विक्रीची दोन ओळींची पावती सहीसकट घ्या, आणि घरी आल्यावर डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका.