पाच अंश, एक रेषा

पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी असेल, तर रेखावृत्तावरचा एक अंश विषुववृत्तापासून ध्रुवाकडे जाताना लांबत जायला हवा. १८व्या शतकाच्या मध्यास रुजेर बॉस्कोविच या जेझुइट गणितज्ञाने हे तपासायला पाच ठिकाणची मोजमापे घेतली. त्यांतले रोमजवळचे त्याने स्वतः एका सहकाऱ्यासोबत केले होते. अंशाची लांबी साधारणपणे अक्षांशाच्या साइनच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तो वर्ग म्हणजे आपला x. किटोच्या ५६,७५१ त्वाझांपेक्षा अंश जितका लांब, तितका y. त्वाझ म्हणजे जवळपास १.९५ मीटर.

| ठिकाण | x | y |
|---|---|---|
| किटो | ० | ० |
| केप ऑफ गुड होप | ०.३० | २८६ |
| रोम | ०.४६ | २२८ |
| पॅरिस | ०.५८ | ३२३ |
| लॅपलँड | ०.८४ | ६७१ |

केपचा अंश रोमच्या अंशापेक्षा लांब, म्हणजे पाचही बिंदू एका रेषेवर बसणे शक्यच नाही. बॉस्कोविचने आपली वेगळी रीत काढली. आज रूढ असलेली लघुतम वर्गांची रीत लजांद्रने १८०५ साली छापली. तिनेच हिशेब करू.

आधी सरासरी: x ची ०.४३६, y ची ३०१.६. मग प्रत्येक ठिकाणचा x आणि y आपापल्या सरासरीपासून किती दूर आहे ते काढून दोन्ही फरकांचा गुणाकार करायचा. लॅपलँडचे फरक ०.४०४ आणि ३६९.४, गुणाकार १४९.२. किटोचे दोन्ही फरक उणे, म्हणून गुणाकार अधिक १३१.५. उरलेल्या तिघांचे मिळून जेमतेम ३.४. बेरीज २८४.२. x च्या फरकांच्या वर्गांची बेरीज ०.३९३. पहिलीला दुसरीने भागले की उतार मिळतो, सुमारे ७२३. रेषा दोन्ही सरासरींच्या बिंदूतून जाते, म्हणून छेद ३०१.६ − ७२३ × ०.४३६, म्हणजे जवळपास −१४. थोडक्यात, रेषेच्या मते विषुववृत्तावरचा अंश ५६,७३७ त्वाझांचा.

उतार अधिक आला, म्हणजे पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे.

आता R². रोमला रेषा ३१९ सांगते, मोजमाप २२८, चूक ९१. अशा पाचही चुकांच्या वर्गांची बेरीज सुमारे २८,१०० भरते. y च्या फरकांच्या वर्गांची बेरीज सुमारे २,३३,५००. त्यांचा भागाकार ०.१२ एकातून वजा केला की R² = ०.८८.

आकडा दिलासा देणारा दिसतो. पण उतार जवळजवळ सगळा किटो आणि लॅपलँड या दोन टोकांनीच ठरवला आहे, हे वरच्या गुणाकारांतच दिसते. पुढे १९व्या शतकाच्या आरंभी लॅपलँडचा अंश पुन्हा मोजला, तेव्हा जुने माप २०० त्वाझांहून अधिक जास्त निघाले. त्यातले २०० वजा करून हाच हिशेब केला, तर उतार ७२३ वरून ५१७ वर घसरतो. R² मात्र ०.८९ येतो, पहिल्यापेक्षा किंचित अधिकच.