नॅनोनळीचं बळ वाटेत कुठे गळतं?

कार्बन नॅनोनळी म्हणजे कार्बन अणूंच्या षटकोनी जाळीची गुंडाळी. जाडी केसाच्या काही हजाराव्या भागाइतकी. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमांनी तिच्याबद्दल लिहिलं आणि तेव्हापासून ‘पोलादापेक्षा बळकट’ हे बिरुद तिला चिकटलं. ते खोटं नाही. ताठरपणा, म्हणजे ओढीला न ताणण्याचा गुण, पोलादात २०० गिगापास्कल असतो. चांगल्या नॅनोनळीत जवळजवळ १०००. ताकदीचं, म्हणजे किती ओढीला तुटते याचं, मोजमाप २००० साली अमेरिकेत रॉडनी रुऑफ यांच्या गटाने केलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन टोकांना धरून त्यांनी एकेक नळी ओढली. बाहेरचा थर ११ ते ६३ गिगापास्कलला तुटला. पुलाच्या तारांचं उत्तम पोलाद २ गिगापास्कलच्या आसपास हार मानतं.

मग ही नळी प्लास्टिकमध्ये मिसळली तर? १९९८ साली लिंडा शॅडलर आणि पुलिकेल अजयन यांनी एपॉक्सीत (अ‍ॅराल्डाइटमध्ये असते तीच राळ) वजनाने ५ टक्के बहुपदरी नॅनोनळ्या घातल्या. घनफळाने हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास जातं. आता हिशेब करू. सगळ्या नळ्या एका दिशेला, लांबलचक आणि राळेला घट्ट धरून असत्या, तर १००० चे ३ टक्के म्हणजे ३० आणि राळेचे स्वतःचे ३, मिळून ३३ गिगापास्कल व्हायला हवेत. नळ्या वाट्टेल त्या दिशांना पसरलेल्या असल्या, तर त्यांचा वाटा साधारण पाचवा हिस्सा उरतो. तरी एकूण ९ च्या घरात जायला हरकत नाही. प्रत्यक्षात काय झालं? ओढीतला ताठरपणा ३.१ वरून ३.७१ वर गेला. बस्स.

उरलेलं कुठे गेलं, याचा एक धागा त्याच प्रयोगात सापडतो. नमुन्यावर लेझर टाकला की नळ्यांकडून विखुरणाऱ्या प्रकाशाचा रंग किंचित बदलतो, आणि नळीतले बंध ताणले किंवा दाबले गेले की हा बदल सरकतो. म्हणजे नळीवर खरोखर भार आला का, हे पाहता येतं. नमुना दाबल्यावर खूण ठळक सरकली. ओढल्यावर जेमतेम हलली. त्याचा अर्थ असा, की ओढताना फक्त बाहेरचा पदर भार घेत होता. आतले पदर एकमेकांवर घसरत नुसते बसून राहिले होते. रुऑफ यांच्या प्रयोगातही बाहेरचा पदर तुटल्यावर आतली नळी म्यानातून तलवार निघावी तशी सरकत बाहेर आली होती.

राळ आणि नळी यांच्यातली पकडही तितकीच नाजूक असते. नळीवर भार तिच्या टोकांतून येत नाही. तो कडेच्या पृष्ठभागावरून, थोडा थोडा करत शिरतो. १० नॅनोमीटर जाडीच्या नळीत ५० गिगापास्कलचा ताण भरायचा, तर ५० मेगापास्कलची चांगली पकड असताना ५ मायक्रॉन लांबी लागते. पकड ५ मेगापास्कलवर आली की लांबी थेट ५० मायक्रॉन. बाजारातल्या कित्येक नळ्या मुळात काही मायक्रॉनच्याच असतात. मग त्या तुटण्याआधीच राळेतून उपसल्या जातात. तुटलेल्या नमुन्याची कड सूक्ष्मदर्शकाखाली धरली की लांब, स्वच्छ, राळेचा कणही न लागलेले तंतू दिसतात. पकड नव्हती, याचा याहून उघड पुरावा नको.

पकड वाढवायची तर नळ्या नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात उकळतात. पृष्ठभागावर रासायनिक आकडे तयार होतात आणि राळ त्यांना जोडली जाते. पण असा प्रत्येक आकडा जाळीतला एक बंध बिघडवून बसतो. एकपदरी नळीत हे नुकसान थेट तिच्या ताकदीला लागतं. बहुपदरी नळीत आतले पदर शाबूत राहतात, पण ते तर मुळातच भार घेत नव्हते!

हे सगळं नळ्या सुट्या झाल्या असं धरून. एका ग्रॅम बहुपदरी नळ्यांचा पृष्ठभाग शे-दोनशे चौरस मीटर भरतो, आणि पृष्ठभाग इतका असला की त्या एकमेकींना चिकटून गुंते करतात. गुंत्याच्या पोटात राळ शिरत नाही. अशी कोरडी गाठ म्हणजे नमुन्यातला तयार दोषच. तडा तिथूनच सुरू होतो. म्हणून कधी कधी नळ्यांचं प्रमाण वाढवल्यावर ताकद उलट घटते. स्वनातीत लहरींनी गुंते सुटतात, पण लहरी फार वेळ दिल्या तर नळ्या तुटून आखूड होतात आणि लांबीचा वरचा हिशेब आणखी बिघडतो. रंग आणि शाई घोटणारी तीन रुळांची गिरणी त्यामानाने सौम्य. मात्र नळ्या जसजशा सुट्या होतात तसतशी राळ घट्ट होत जाते, हवेचे बुडबुडे निघेनासे होतात आणि साच्यात ओतणं अवघड होतं. म्हणून बरेच जण एक-दोन टक्क्यांच्या पुढे जातच नाहीत.

विजेच्या बाबतीत मात्र नळ्या एवढ्या हट्टी नाहीत. प्रवाह पुढे जायला राळेची पकड लागत नाही. नळ्या एकमेकींच्या जवळ आल्या की झालं. एपॉक्सीत अर्ध्या टक्क्याहून कमी नळ्यांतही असं जाळं जुळतं. प्लास्टिकवर स्थिर वीज साचू नये म्हणून नळ्या घालणारे कारखाने याच कारणाने, ताकदीच्या स्वप्नाच्या कितीतरी आधी, धंद्याला लागले.