शेफच्या निरोपाला काय बोलावं?

तीस वर्षांनी हॉटेलचा हेड शेफ निवृत्त होतो, तेव्हा निरोपाच्या भाषणात एक वाक्य हमखास येतं: ‘त्यांच्या हाताला चव आहे.’ ते खोटं नसतं, पण अपुरं असतं. मोठ्या हॉटेलात हेड शेफ दिवसभर कढईपाशी उभा नसतो. तंदूर, करी, बेकरी, थंड पदार्थ असे विभाग वेगवेगळी माणसं सांभाळतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एस्कॉफिए या फ्रेंच शेफने रुळवलेली ही पद्धत आजही चालते. त्यामुळे शेफचं खरं कर्तृत्व म्हणजे दुसऱ्यांच्या हातून रोज तीच चव उतरवून घेणं. बोलायचं ते त्याबद्दल.

त्यासाठी विशेषणं शोधू नका, एक सवय शोधा. ती सू शेफला ठाऊक असते, जुन्या कुक मंडळींना असते आणि भांडी घासणाऱ्यांनाही असते. समजा, तुम्हाला कळलं की शेफ दुपारच्या जेवणाआधी ग्रेव्ह्या स्वतः चाखत. मग भाषणात असं सांगता येईल:

‘शेफ, पावसाळ्यात टोमॅटो पाणचट आले की आपली मखनी पातळ व्हायची. एका नव्या पोराने ती दाट करायला जास्तीचं क्रीम ओतलं. रंग फिका पडला, टोमॅटोची चव हरवली. तुम्ही ओरडला नाहीत. टोमॅटो आधी नीट आटवून, मग बेताचं क्रीम घालून दुसरी ग्रेव्ही केलीत आणि दोन्ही वाट्या त्याच्यापुढे ठेवल्यात. तो आज आपला करी विभाग सांभाळतो.’

एवढ्यात शेफचं कसब, शिकवण्याची रीत आणि त्याने मागे ठेवलेला माणूस असं सगळं आलं. मात्र त्या पोराला आधी विचारा. त्याची हरकत असेल तर नाव घेऊ नका. शेफच्या रागाच्या नकलाही टाळा. किचनमध्ये त्या खपतात, पण समोर त्यांच्या घरची माणसं बसलेली असतात.

त्या माणसांसाठी दोन वाक्यं राखून ठेवा. दिवाळी, लग्नसराई, ३१ डिसेंबर हे इतरांचे सुट्टीचे आणि मजेचे दिवस, हॉटेलचे सर्वांत धावपळीचे. त्या रात्री शेफ घरी नसायचा, हे मोकळेपणाने मान्य करून घरच्यांचे आभार माना.

कार्यक्रम दुपारचं जेवण आटोपल्यावर, संध्याकाळच्या तयारीआधी ठेवा. दोन्ही पाळ्यांची माणसं तेव्हाच भेटतात. पाच मिनिटांत संपवा आणि किचनमध्ये बोलली जाते तीच भाषा वापरा. लिहून झालं की भांडी विभागातल्या कुणाला तरी, नाव न सांगता, वाचून दाखवा. त्याला आपला शेफ ओळखू आला, तर भाषण तयार आहे. नाही आला, तर पुन्हा लिहा.