शब्द झाकून वाचा

‘राजू हिरमुसला.’ चौथी-पाचवीच्या वहीत ‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाखाली असे वाक्य हमखास सापडते. व्याकरणात कुठेही चूक नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, शुद्धलेखनही नीट आहे. तरीही जाणत्या शिक्षिका त्यावर बरोबरची खूण करत नाहीत, शेजारी ‘अर्थ स्पष्ट होत नाही’ असे लिहितात. मुलाला मात्र कळत नाही की नेमके चुकले काय. दिलेला शब्द वापरा म्हटले, वापरला.

चूक शोधायची सोपी रीत अशी, की दिलेल्या शब्दावर बोट ठेवायचे आणि उरलेले वाक्य वाचायचे. ‘राजू ___.’ इथे झोपला, धावला, जेवला, हसला, आजारी पडला, काहीही बसते. म्हणजे वाक्याने ‘हिरमुसणे’ या शब्दाविषयी वाचणाऱ्याला एवढेच सांगितले की ते एक क्रियापद आहे. शब्द आधीच माहीत असलेल्याला वाक्य पुरेसे वाटते, कारण अर्थ तो स्वतः पदरचा घालतो. ज्याला शब्द माहीत नाही, त्याच्या हाती काहीच लागत नाही.

गाळलेल्या जागेची ही कसोटी भाषेच्या अभ्यासात जुनी आहे. अमेरिकेत विल्सन टेलर यांनी 1953 साली मजकुरातले ठरावीक शब्द गाळून ते वाचकांना ओळखायला लावले आणि त्यावरून मजकूर किती सोपा, किती अवघड हे मोजण्याची पद्धत मांडली. वाक्य तपासताना तीच रीत एका शब्दापुरती वापरता येते. झाकलेल्या शब्दाच्या जागी किती वेगवेगळ्या अर्थांचे शब्द बसतात ते पाहायचे. जितके जास्त बसतील, तितके वाक्य कच्चे.

आता राजूच्या वाक्यावर काम करू. पहिली सुधारणा बहुतेक मुले आपण होऊन करतात, ती म्हणजे कारण जोडणे. ‘सहल रद्द झाली हे कळताच राजू हिरमुसला.’ शब्द झाकला, तर आता झोपला किंवा जेवला बसत नाही. पण चिडला बसते, रडला बसते, रुसला बसते, आणि सहलीला जायचेच नसेल तर आनंदलाही बसते. अर्थाची दिशा अजून पक्की झालेली नाही.

म्हणून आधीची अवस्था सांगायची. ‘आठ दिवसांपासून सहलीचे दिवस मोजणारा राजू, पावसामुळे सहल रद्द झाल्याचे कळताच हिरमुसला.’ आनंदला आता बाद. अपेक्षा होती आणि ती मोडली, हे आले. उरले चिडणे, रडणे, रुसणे. हे तिन्ही हिरमुसण्याच्या शेजारचे आहेत, पण एकच नाहीत. चिडलेला माणूस आवाज चढवतो. रुसणारा कोणावर तरी रुसतो आणि त्याने समजूत काढावी अशी त्याची मनातून इच्छा असते. हिरमुसणारा कोणावर राग धरत नाही, त्याचा उत्साहच मावळतो, चेहरा उतरतो. हा फरक दाखवायचा तर वाक्याला पुढचा भागही लागतो: ‘आठ दिवसांपासून सहलीचे दिवस मोजणारा राजू, पावसामुळे सहल रद्द झाल्याचे कळताच हिरमुसला आणि उतरलेल्या चेहऱ्याने, काही न बोलता भरलेली पिशवी रिकामी करू लागला.’

इथे ‘खट्टू झाला’ हा शब्दप्रयोगही बसतो. ते चालेल, कारण त्याचा अर्थ जवळपास तोच आहे. नेमका तोच शब्द ओळखता यावा असा आग्रह धरायचा नसतो. वेगळ्या अर्थाचे शब्द बाहेर राहिले की वाक्य उत्तीर्ण. आणखी तपशील घालत बसले तर चार ओळींची गोष्ट होते आणि शब्द तिच्यात हरवतो.

लेखनात भेटणारी सगळी वाक्ये अर्थ असा उघड करत नाहीत, हे इझाबेल बेक, मार्गारेट मॅककिऑन आणि एलन मॅककॅस्लिन या तिघींनी 1983 साली दाखवून दिले. शाळेच्या वाचनपुस्तकांतल्या गोष्टी घेऊन त्यांनी अवघड शब्दांभोवतीच्या मजकुराचे चार प्रकार केले. काही मजकूर थेट अर्थापर्यंत नेतो. काही फक्त साधारण दिशा दाखवतो. काही कसलीच मदत करत नाही. आणि चौथा प्रकार उलट दिशेला नेतो. शब्द गाळून हे उतारे मोठ्या माणसांना दिले, तेव्हा पहिल्या प्रकारात बहुतेकांना योग्य शब्द सुचला आणि चौथ्यात जवळपास कोणालाच नाही. ही माणसे भाषा नीट येणारी होती. म्हणजे चूक त्यांच्या शब्दसंग्रहात नव्हती, मजकुरात होती.

चौथा प्रकार मराठी वहीतही सापडतो आणि तो ओळखायला सर्वांत अवघड. ‘साधेपणा’ हा शब्द दिला आणि वाक्य आले: ‘लग्नात ना बँड, ना रोषणाई, ना मोठी पंगत, एवढ्या श्रीमंत माणसाचा साधेपणा पाहून पाहुणे थक्क झाले.’ वाक्य छान वाटते, लांबही आहे. शब्द झाकला की मात्र पहिल्यांदा मनात येतो तो कंजूषपणा. खुणा भरपूर आहेत, पण त्या भलत्या शब्दाकडे नेतात. लग्नातून वाचलेले पैसे त्या गृहस्थांनी गावच्या शाळेला दिले, एवढे जोडले की कंजूषपणा मागे पडतो. लांबी आणि स्पष्टता यांचा संबंध किती कमी आहे, हे अशा वाक्यांतून दिसते.

दुसरा खड्डा कोशातून येतो. जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया या मानसशास्त्रज्ञांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या लेखात, मुलांना कोशातला अर्थ देऊन वाक्ये लिहायला सांगितल्यावर काय होते ते नोंदवले. इंग्रजीतल्या ‘इरोड’ म्हणजे झिजणे या शब्दाच्या अर्थात ‘ईट आउट’ असे शब्द होते. एका मुलाने त्यातले तेवढेच उचलले आणि आमचे कुटुंब पुष्कळदा ‘इरोड’ करते असे लिहिले. त्याला सांगायचे होते, आम्ही पुष्कळदा बाहेर जेवतो. मुलाने अर्थ वाचला होता, पण अर्थातला आपल्या ओळखीचा तुकडा धरून त्याच्या जागी नवा शब्द बसवला होता.

मराठीत हेच ‘विपुल’ आणि ‘अवगत’ यांच्या बाबतीत घडते. विपुल म्हणजे पुष्कळ, असे पाठ केलेले मूल ‘मला विपुल भूक लागली’ लिहून जाते. अवगत म्हणजे माहीत, म्हणून ‘मला तुझे घर अवगत आहे’. दोन्ही वाक्यांत मूळ अर्थ घातला तर बिघडत काहीच नाही, पण मराठी माणूस तसे बोलत नाही. विपुल असते ते ग्रंथलेखन, वनसंपत्ती, खनिजे. अवगत असते ती भाषा, कला, विद्या, शिकून मिळवलेली गोष्ट. ‘आजोबांना मोडी लिपी अवगत असल्याने त्यांनी शंभर वर्षांपूर्वीचे खरेदीखत घडाघडा वाचून दाखवले’ या वाक्यात शब्दाला त्याचा खरा सोबती मिळाला आहे, आणि अर्थाचा पुरावा वाक्याच्या उत्तरार्धात आहे: वाचता आले, म्हणजे लिपी येत होती. म्हणून शब्दाचा अर्थ देताना तो कोणाबरोबर नांदतो हेही सांगावे लागते. एकशब्दी अर्थाच्या याद्या नेमके हेच टाळतात.

वाक्प्रचारांत कस सर्वाधिक लागतो, कारण तिथे दोन अर्थ समोर उभे असतात, एक अक्षरशः आणि एक रूढ. ‘पाणी सोडणे’ म्हणजे हक्क किंवा आशा सोडून देणे. मुले लिहितात, ‘बाबांनी बागेला पाणी सोडले.’ वाक्य खरे आहे, पण त्यात वाक्प्रचार नाही. फरक एका प्रत्ययाने दाखवता येतो. बागेला पाणी सोडतात, हक्कावर पाणी सोडतात. दान देताना हातावरून पाणी सोडण्याचा विधी या रूढ अर्थाच्या मागे आहे. मुलाला ‘कशाला?’ आणि ‘कशावर?’ हे दोन प्रश्न विचारले की अर्थ वेगळे होतात.

पण ‘मावशीने वाड्यातल्या वाट्यावर पाणी सोडले’ एवढ्यावर थांबले तर कसोटी पुन्हा अडते. वाट्यावर हक्क सांगितला, वाट्यावर कर्ज काढले, असेही बसते. पुरावा जोडावा लागतो: ‘भावाचे घर मोडू नये म्हणून मावशीने वाड्यातल्या आपल्या वाट्यावर पाणी सोडले, हक्कसोडपत्रावर सही केली आणि एक रुपयाही घेतला नाही.’ वाक्प्रचारावर कसोटी लावताना तो सगळा झाकावा. नुसते ‘पाणी’ झाकले तर मागे राहिलेले ‘सोडले’ अर्ध्याहून अधिक उत्तर सांगून टाकते.

‘कंठस्नान घालणे’ याला तर दोन्ही शब्द फसवतात. स्नान दिसते म्हणून बाळाला आंघोळ घालण्याचे वाक्य तयार होते. रूढ अर्थ ठार मारणे, तोही बहुधा युद्धातला. इथे वाक्यात रणांगण आलेच पाहिजे आणि नंतर कोणी जिवंत उरले नाही हेही.

वस्तुवाचक नामांचे काम तुलनेने सरळ आहे. वस्तू कशाची, कशासाठी, कुठे, यांतल्या दोन गोष्टी आल्या की बहुधा पुरते. ‘आमच्या घरी कणगी आहे’ यातून कणगी ही गाय आहे की खुर्ची, हे कळत नाही. ‘आजीने बांबूची कणगी शेणाने लिंपून वाळवली आणि वर्षभराचे भात तिच्यात भरून ठेवले’ यातून साहित्य, आकाराचा अंदाज आणि उपयोग तिन्ही कळतात. ‘तीर’सारख्या दोन अर्थांच्या शब्दाला भाता किंवा होडी, यांपैकी एक सोबत दिली की गोंधळ मिटतो.

शब्दकोशांतली उदाहरणे इथे नमुना म्हणून नेहमी चालत नाहीत. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांच्या संपादनाखाली निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात जुन्या ग्रंथांतले पुष्कळ दाखले आहेत. पण ते शब्द अमुक ग्रंथात अमुक अर्थाने आला याचे पुरावे आहेत. अर्थ कोशकाराने आधीच दिलेला असतो, त्यामुळे दाखल्यावर तो उलगडण्याचे ओझे नसते. वर्तमानपत्रातून उचललेल्या वाक्याचेही तसेच. बातमीदार वाचकाला शब्द माहीत आहे असे धरून लिहितो.

वर्गात ही कसोटी लावायला शेजारचे मूल पुरते. वहीत वाक्य लिहायचे, दिलेल्या शब्दावर कागदाची पट्टी ठेवायची आणि वही शेजाऱ्याकडे सरकवायची. त्याने सुचवलेला चुकीचा शब्द खोडू नये, समासात लिहून ठेवावा. ‘रुसला’ असे उत्तर आले, तर राग कोणावर नव्हता हे वाक्यात राहिले आहे. ‘रडला’ आले, तर चेहऱ्याची खूण कमी पडली आहे. पुढच्या प्रयत्नात कोणता तपशील घालायचा, हे तो समासातला शब्दच सांगतो.